परवानगी नाकारली, पुढे काय?

दुकानातील क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देणारे ॲप प्रथमच उघडले, की अनेकदा लागोपाठ दोन प्रश्न येतात: कॅमेरा वापरू का? सूचना पाठवू का? कशासाठी, हे न कळल्याने ग्राहक दोन्हींना नकार देतो. हा नकार ॲपला महागात पडतो, कारण पुन्हा विचारण्याची संधी मर्यादित असते.

अँड्रॉइडमध्ये २०१५ पूर्वी सर्व परवानग्या ॲप बसवतानाच द्याव्या लागत. ६.० या आवृत्तीपासून संवेदनशील परवानग्या वापराच्या वेळी मागितल्या जाऊ लागल्या. २०२० मधील ११ व्या आवृत्तीने आणखी एक नियम आणला. एकाच परवानगीस दोनदा नकार मिळाल्यास 'पुन्हा विचारू नका' असाच त्याचा अर्थ घेतला जातो. आयफोनवर तर कॅमेऱ्यासाठी एकदाच विचारता येते. त्यानंतर परवानगी केवळ सेटिंग्जमधूनच देता येते.

येथेच सदोष रचना उघडी पडते. ग्राहक 'स्कॅन' दाबतो आणि काहीच घडत नाही. ॲपने परवानगी मागितलेली असते. परंतु प्रणाली खिडकी न दाखवताच नकार कळवते आणि ॲप गप्प बसते. अँड्रॉइडमधील shouldShowRequestPermissionRationale() हे फंक्शन पहिल्या नकारानंतर 'होय' असे उत्तर देते. म्हणजे आता कारण समजावून मगच पुन्हा विचारावे. मात्र एकदाही विचारले नसताना आणि कायमचा नकार मिळाल्यावर, अशा दोन्ही वेळी त्याचे उत्तर 'नाही' असेच येते. त्यामुळे केवळ या उत्तरावर विसंबून कायमचा नकार ओळखता येत नाही. विनंतीचा निकाल हाती आल्यानंतरच ते तपासावे लागते.

योग्य क्रम असा. ॲप उघडताच काहीही मागू नये. ग्राहकाने 'स्कॅन' दाबल्यावरच कॅमेऱ्याची परवानगी मागावी. तेव्हा कारण आपोआप स्पष्ट होते. नकार आल्यास त्याच पडद्यावर मोबाइल क्रमांक किंवा यूपीआय आयडी टाकण्याची सोय असावी. क्यूआर कोडचे छायाचित्र निवडण्याचा पर्यायही द्यावा. त्यासाठी प्रणालीचीच छायाचित्र निवडण्याची खिडकी वापरल्यास गॅलरीची वेगळी परवानगी लागत नाही. नकार कायमचा असेल, तर 'कॅमेरा बंद आहे' असे एका वाक्यात सांगून ॲपच्या सेटिंग्जकडे नेणारे बटण ठेवावे. ग्राहक तेथून परतताच परवानगीची स्थिती पुन्हा तपासावी, अन्यथा परवानगी देऊनही जुनाच संदेश दिसत राहतो.

सूचनांची गोष्ट वेगळी आहे. २०२२ मधील अँड्रॉइड १३ पासून त्यांनाही परवानगी लागते आणि नव्याने बसवलेल्या ॲपच्या सूचना ती मिळेपर्यंत बंद असतात. पहिला व्यवहार पूर्ण झाल्यावर 'पैसे जमा झाल्याचे कळवू का?' असे विचारणे उचित ठरते. येथे नकार मिळाला, तरी व्यवहारांची यादी ॲपमध्ये दिसलीच पाहिजे. सूचना नाकारणाऱ्या ग्राहकाने आपल्या पैशांचा हिशेब नाकारलेला नसतो.