व्हिडिओत बोललेलंच वर्णनात उतरवा

व्हिडिओ चित्रित झाला, कापून-जोडून तयार झाला आणि यूट्यूबवर चढवलाही. आता वर्णनाची रिकामी चौकट आणि तिच्याखाली टॅगची चौकट भरायची आहे. इथे बहुतेकांची भाषा अचानक बदलते. बारा मिनिटं समोरच्या माणसाला समजावून सांगितल्यासारखं बोललेली बाई लिहायला बसली की लिहिते, "नमस्कार मंडळी, आजच्या व्हिडिओत आपण पाहणार आहोत पारंपरिक, स्वादिष्ट आणि झटपट होणारे उकडीचे मोदक. व्हिडिओ आवडल्यास लाइक करा." यात 'उकडीचे मोदक' हे दोन शब्द सोडले तर बाकीचा मजकूर कुठल्याही पदार्थाला चालेल. शोधणाऱ्याच्या उपयोगाचं जे होतं, ते तिने व्हिडिओत तोंडाने सांगितलं आणि लिहिताना गाळलं.

म्हणून वर्णन लिहायची सुरुवात कोऱ्या चौकटीपासून करू नये. व्हिडिओतल्या बोलण्याचा लेखी उतारा समोर घ्यावा आणि वर्णन त्यातून काढावं.

उतारा मिळवायचे दोन मार्ग आहेत. यूट्यूबने आपोआप मथळेपट्टी तयार केली असेल, तर स्टुडिओतल्या सबटायटल विभागात ती वेळेच्या नोंदींसह मिळते. मात्र व्हिडिओची भाषा 'मराठी' अशी निवडलेली आहे ना, हे आधी पाहावं. तिथे हिंदी निवडलेली असेल, तर मराठी बोलणं हिंदी समजून टिपलं जातं आणि उतारा वाचण्याजोगा राहत नाही. पट्टी मिळालीच नाही, तर व्हिडिओ थोडा थोडा ऐकत मोबाइलच्या कीबोर्डवरचा माइक चालू करून तीच वाक्यं स्वतः पुन्हा बोलावीत. बारा मिनिटांच्या व्हिडिओला याने तासभर लागतो, पण हाती येतो तो स्वच्छ मजकूर.

यंत्राने काढलेला उतारा जसाच्या तसा कधीच वापरू नये. नेमके कामाचे शब्दच त्याला ऐकू येत नाहीत. 'पारी'चं 'भारी' होतं, 'उकड'चं 'उघड' आणि 'सारण'चं 'साधारण'. विरामचिन्हं नसल्यामुळे दोन वाक्यं एकमेकांत मिसळतात. म्हणून उतारा वाचताना कानाला व्हिडिओ लावलेला हवा.

समजा, दुरुस्त केल्यावर उताऱ्यातला मधला भाग असा निघाला:

"आता बघा, पाण्याला उकळी आली की गॅस बारीक करायचा आणि पिठी एकदम घालायची. बाजारची पिठी असेल तर पाणी दोन चमचे जास्त लागतं. झाकण ठेवून वाफ आणायची. आणि उकड गरम असतानाच मळायची हं. गार झाली, कोरडी राहिली, की पारीला तडे जातात. मग मोदक वाफवताना फुटतो आणि सारण बाहेर येतं. साचा नसला तरी काही अडत नाही, हातानेच कळ्या पाडायच्या."

आता पेन्सिल घेऊन तीन प्रकारचे शब्दसमूह अधोरेखित करायचे. पहिला प्रकार म्हणजे वस्तूचं पूर्ण नाव. नुसतं 'मोदक' म्हटलं तर तळणीचे, माव्याचे, रव्याचे असे सगळे येतात, म्हणून 'उकडीचे मोदक', 'तांदळाची पिठी', 'मोदकाच्या कळ्या' अशी नावं घ्यायची. दुसरा प्रकार म्हणजे बिघाड: 'पारीला तडे जातात', 'मोदक वाफवताना फुटतो', 'सारण बाहेर येतं'. तिसरा प्रकार म्हणजे अट किंवा परिस्थिती: 'बाजारची पिठी असेल तर', 'साचा नसला तरी'.

या तिन्हींत बिघाडाचे शब्दसमूह सर्वांत मोलाचे असतात. मोदक करून पाहिलेला आणि हात पोळलेला माणूस शोधायला येतो, तेव्हा 'स्वादिष्ट' असं टाइप करत नाही. तो 'मोदक का फुटतात' असं विचारतो. शिकवणारी व्यक्तीही समोरच्याची अडचण डोळ्यांपुढे ठेवूनच बोलत असते, म्हणून दोघांचे शब्द इथे आपोआप जुळतात. उताऱ्यात अशी जागा लवकर सापडावी म्हणून 'की', 'नाहीतर', 'मग' आणि 'हं' या शब्दांपाशी थांबावं. आपण बोलताना चूक आणि तिचा परिणाम बहुधा यांच्याच आधाराने सांगतो.

सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द मोजून टॅग काढायची युक्ती काही जण सांगतात. मराठीत ती फारशी कामाची नाही. मोजणीत सर्वांत वर येतात 'आता', 'बघा', 'आपण', 'घ्यायचं'. शिवाय विभक्तीमुळे एकच शब्द तुकड्यांत विभागला जातो. 'उकड', 'उकडीला', 'उकडीचा', 'उकडीत' हे मोजणाऱ्याला चार वेगळे शब्द वाटतात आणि महत्त्वाचा शब्द यादीत खाली ढकलला जातो. 'पारीला तडे' हा शब्दसमूह तर बारा मिनिटांत एकदाच आला असेल. तोच आपल्याला हवा आहे आणि तो वाचूनच सापडतो.

वेचलेले शब्द थोडे घडवावे लागतात, पण फार नाही. बोलताना 'मोदक फुटतो' असं एकवचन येतं, शोधणारे 'मोदक फुटतात' असं लिहितात, एवढा बदल चालतो. 'पारीला तडे जातात'चं 'पारी भंगण्याची कारणमीमांसा' केलं, तर जे कमावलं ते घालवलं. प्रांताचा शब्द असेल तर तो ठेवावा आणि शेजारी सर्वांना कळणारा द्यावा. कोकणात खवलेल्या नारळाला 'चव' म्हणतात. वर्णनात 'खवलेल्या ओल्या नारळाचा चव' असं लिहिलं की नागपूरच्या वाचकालाही अडचण येत नाही.

मग यूट्यूबच्या शोधचौकटीत यातला एकेक शब्दसमूह अर्धा टाइप करून खाली काय सुचवलं जातं ते पाहावं. हे खात्याबाहेर पडून किंवा इनकॉग्निटो खिडकीत करावं, म्हणजे आपल्याच जुन्या शोधांची छाया पडत नाही. एखादा शब्दसमूह सुचवण्यांत दिसला तर तो वर्णनात पुढे घ्यावा. पण सुचवण्यांत 'रव्याचे मोदक' दिसलं आणि व्हिडिओत रवा नाही, तर तो शब्द घ्यायचा नाही. व्हिडिओत नसलेल्या गोष्टीचा शब्द मजकुरात घालणं यूट्यूबच्या नियमांत दिशाभूल ठरतं. वर्णनात टॅगांची रास ओतणंही नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी व्हिडिओ काढला जाऊ शकतो.

वर्णनाला ५००० अक्षरांची मर्यादा आहे. पण न उघडता दिसतात त्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच, म्हणून बिघाड आणि नाव तिथेच यायला हवं. आपल्या उताऱ्यातून सुरुवात अशी निघते:

"उकडीचे मोदक वाफवताना फुटत असतील किंवा पारीला तडे जात असतील, तर उकड गार झाल्यावर मळली गेली असण्याची शक्यता जास्त. या व्हिडिओत बाजारच्या तांदळाच्या पिठीची उकड, ओल्या नारळाचं सारण आणि साच्याशिवाय हाताने कळ्या पाडणं दाखवलं आहे."

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट उताऱ्यातली आहे. भर पडली ती वाक्यं जोडणाऱ्या शब्दांची. याखाली व्हिडिओत सांगितलेली मापं लिहावीत आणि मग वेळेनुसार भाग द्यावेत. उताऱ्यात वेळेच्या नोंदी असतातच, त्यामुळे वेगळी मेहनत पडत नाही:

0:00 तयार मोदक
0:40 सारण, गूळ किती घालायचा
3:15 बाजारच्या पिठीची उकड
5:30 उकड मळणं, पारीला तडे का जातात
7:50 साच्याशिवाय कळ्या
10:20 मोदक वाफवणं

यूट्यूबला हे भाग ओळखता यावेत म्हणून पहिली नोंद 0:00 लागते, किमान तीन नोंदी चढत्या क्रमाने लागतात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा असावा लागतो.

टॅग सगळ्यात शेवटी. त्यांना एकूण ५०० अक्षरांची जागा आहे, पण ती भरून काढायची गरज नाही. व्हिडिओ सापडण्यात टॅगांचा वाटा अगदी थोडा असतो, शीर्षक, थंबनेल आणि वर्णन यांचा जास्त, असं यूट्यूब स्वतःच सांगतं. टॅगांचा खरा उपयोग लोक एखादं नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहितात तेव्हा होतो, आणि मराठीत हे सतत घडतं. अर्धे लोक देवनागरीत शोधतात, अर्धे रोमन अक्षरांत, आणि रोमनमध्ये प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं. बोलण्याला स्पेलिंग नसतं, म्हणून एवढी एक गोष्ट उताऱ्यातून मिळत नाही. ती हाताने भरावी लागते. आपली यादी अशी होईल: उकडीचे मोदक, ukadiche modak, ukdiche modak, मोदक वाफवताना फुटतात, पारीला तडे, साच्याशिवाय मोदक, मोदकाच्या कळ्या. सात टॅग पुरेत.

या पद्धतीला एक स्वाभाविक मर्यादा आहे. जे बोललंच गेलं नाही, ते उताऱ्यातून निघणार नाही. नुसतं संगीत लावलेल्या पाककृतीचा उतारा कोरा असतो. काही जण हात चालवताना फक्त "असं करायचं, मग हे असं" एवढंच म्हणतात. त्यांच्या उताऱ्यात सर्वनामंच सापडतात. अशा वेळी वर्णन स्वतंत्रपणे लिहावं लागतं. पुढच्या चित्रीकरणात मात्र 'हे' न म्हणता 'पारी' म्हणावं आणि काय बिघडतं ते एकदा स्पष्ट बोलावं.

परिणाम तपासायला स्टुडिओच्या आकडेवारीत त्या व्हिडिओचे ट्रॅफिक सोर्स उघडावेत आणि यूट्यूब सर्चखाली लोकांनी काय टाइप केलं ते वाचावं. महिनाभराने तिथे 'मोदक फुटतात'सारखे शब्द दिसू लागले, तर वर्णन आपलं काम करतंय. शोधातून माणसं येतात पण अर्ध्या मिनिटात निघून जातात, असं दिसलं, तर सुरुवातीच्या ओळींनी दिलेला शब्द व्हिडिओ पाळत नाही किंवा फार उशिरा पाळतो. पाचव्या मिनिटाला सांगितलेलं उत्तर पहिल्या ओळीत जाहीर केलं असेल, तर भागांच्या नोंदी तिथे हव्यातच. कमेंटमध्ये कुणी "माझे मोदक फुटले, काय चुकलं?" असं विचारत असेल आणि उत्तर व्हिडिओत असेल, तर विचारणाऱ्याचे शब्द टिपून घ्यावेत. पुढच्या दुरुस्तीचं साहित्य तेच.

आकड्यांची तुलना करताना ऋतू विसरू नये. मोदकांचा शोध गणेशचतुर्थीच्या आधी वाढतो आणि अनंत चतुर्दशीनंतर ओसरतो. श्रावणात वर्णन बदललं आणि भाद्रपदात प्रेक्षक तिप्पट झाले, तर श्रेय वर्णनाचं की गणपतीचं, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच दिवसांतला आपला दुसरा एखादा मोदकांचा व्हिडिओ घ्यावा, त्याचं वर्णन जुनंच ठेवावं आणि दोघांकडे शोधातून येणाऱ्यांचं प्रमाण शेजारी शेजारी मांडावं.