चाळणीला चिकटलेली एक ग्रॅम माती

शेतातून आलेली ओली माती आधी सावलीत, कागदावर पातळ पसरून वाळवतात. उन्हात किंवा भट्टीत घाई केली, तर पालाश आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचे आकडे बदलू शकतात. मग खडे-मुळ्या वेचून ढेकळं लाकडी खलबत्त्यात हलक्या हाताने फोडायची. दगडाचं पीठ करायचं नसतं! चाळणी २ मिलिमीटरची. जस्त तपासायचं असेल तर नायलॉनची, कारण पितळेत जस्त असतंच. जस्ताचा मुलामा दिलेली घमेलीही नकोत.

खरा घोटाळा दोन नमुन्यांच्या मधे होतो. समजा, आधी द्राक्षबागेची माती चाळली. तिच्यात जस्त किलोला ६ मिलिग्रॅम. नंतर ज्वारीच्या शेताची, ०.५ मिलिग्रॅमची. चाळणीत उरलेली बागेची एक ग्रॅम माती दुसरीच्या ४९ ग्रॅममध्ये मिसळली, की आकडा ०.६१ येतो. कमतरतेची रूढ मर्यादा ०.६ आहे, म्हणजे उपाशी शेत अहवालात तृप्त ठरतं.

म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर खलबत्ता आणि चाळणी ब्रशने झाडून कोरड्या फडक्याने पुसतात. पुढच्या नमुन्याची चिमूटभर माती आधी चाळून फेकणं हाही जुना, भरवशाचा उपाय.

चिठ्ठ्या दोन, पेन्सिलीने लिहिलेल्या: एक पिशवीत, एक बाहेर. शाई ओलीने पसरते.