जाहीरनाम्यात ‘स्प्रिंट’ नाही

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड या डोंगरातल्या रिसॉर्टवर सॉफ्टवेअर क्षेत्रातली १७ माणसं जमली. केंट बेक ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’चा पुरस्कर्ता होता, तर केन श्वेबर आणि जेफ सदरलँड ‘स्क्रम’चे. जमलेल्यांच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या. मग ‘काम कसं करायचं’ हे बाजूला ठेवून ‘कशाला महत्त्व द्यायचं’ यावर त्यांनी एकमत केलं. त्यातून ‘ॲजाइल जाहीरनामा’ तयार झाला.

त्यात मूल्यं चारच आहेत. प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांच्यातला संवाद, भारंभार कागदपत्रांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर, करारावरच्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाला सोबत घेणं आणि ठरलेल्या योजनेला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद देणं. दुसऱ्या बाजूच्या गोष्टींनाही मोल आहे, असं जाहीरनामा स्पष्ट म्हणतो. त्यामुळे ‘ॲजाइलमध्ये कागदपत्रं नसतात’ हा पर्याय परीक्षेत दिसला, की तो खोडायचा.

खरा गोंधळ पुढे आहे. या मूल्यांसोबत १२ तत्त्वं येतात. पण मूल्यांत किंवा तत्त्वांत स्प्रिंट, रोजची स्टँड-अप बैठक, स्टोरी पॉइंट यांचा उल्लेख कुठेही नाही. तत्त्व सांगतं, की चालणारं सॉफ्टवेअर दोन-एक आठवडे ते दोन-एक महिने इतक्या अंतराने द्यावं, आणि जितकं लवकर तितकं बरं. स्प्रिंट जास्तीत जास्त एक महिन्याचा असावा, हा नियम स्क्रमचा. ठरावीक काळाने टीमने आपल्या कामाकडे मागे वळून पाहावं आणि सुधारणा करावी, हेही तत्त्वच. त्यासाठी ‘रेट्रोस्पेक्टिव्ह’ नावाची बैठक घेणं ही पद्धत.

परीक्षेत हा फरक नावाने विचारला जात नाही, प्रसंगातून विचारला जातो. समजा, प्रश्न असा आहे: एक टीम रोज १५ मिनिटांची स्टँड-अप घेते, दोन आठवड्यांचे स्प्रिंट पाळते, रेट्रोही चुकवत नाही. तरीही सहा महिन्यांनी ग्राहकाने पहिल्यांदा काम पाहिलं आणि ‘हे आम्हाला नको होतं’ म्हणाला. आता आधी काय करावं? पर्याय चार: स्टँड-अपची वेळ वाढवणं, कानबान स्वीकारणं, आवश्यकतांचा सविस्तर दस्तऐवज लिहिणं, किंवा प्रत्येक स्प्रिंटअखेर चालणारं सॉफ्टवेअर ग्राहकाला दाखवून त्याचं म्हणणं पुढच्या कामात घेणं.

पाठांतर केलेला परीक्षार्थी पहिल्या दोन पर्यायांत अडकतो, कारण ती नावं त्याच्या ओळखीची असतात. पण या टीमकडे पद्धत भरपूर आहे, ग्राहकच गायब आहे. स्टँड-अप अर्ध्या तासाची केली किंवा कानबानचा फलक लावला, तरी तो सहा महिने गायबच राहील. दस्तऐवज लिहिला, तर त्याच्या बदललेल्या गरजा पुन्हा कागदावरच अडकतील. उरतो चौथा पर्याय. चालणारं सॉफ्टवेअर आणि ग्राहकाची सोबत ही दोन्ही मूल्यं त्यातच सापडतात.