पंचेचाळीस मिनिटांचे नभोनाट्य अर्ध्या तासात

नभोनाट्याची संहिता आवडली, पण प्रसारणाची वेळ पंचेचाळीस मिनिटांऐवजी तीसच मिनिटांची मिळाली, की निर्माता लेखकाला संहिता एक तृतीयांशाने कमी करण्याविषयी पत्र लिहितो. नुसते ‘थोडे आटोपशीर करावे’ असे लिहिलेले पत्र निरुपयोगी ठरते. प्रत्यक्ष संवादांना किती मिनिटे उरतात, काय राखायचे आणि सुधारित प्रत कधी हवी, हे त्यात स्पष्ट असावे लागते.

हिशेबात पहिली चूक इथेच होते. तीस मिनिटांतली दीड मिनिटे निवेदन आणि श्रेयनामावलीत गेली, तर नाटकाला साडेअठ्ठावीस उरतात. मूळ पंचेचाळीस मिनिटांत संवाद चाळीस मिनिटांचे आणि संगीत, ध्वनिपरिणाम व विराम पाच मिनिटांचे धरले आणि ही पाच मिनिटे तशीच ठेवली, तर संवादांना साडेतेवीस मिनिटे मिळतात. मिनिटाला साधारण १२० शब्द धरल्यास ४,८०० शब्दांचे २,८२० करावे लागतात. म्हणजे कात्री तिसऱ्या हिश्श्यावर नव्हे, चाळीस टक्क्यांहून अधिक मजकुरावर चालते. प्रवेशच कमी केले, तर त्यांना जोडणारे संगीतही वाचते आणि संवादांना थोडी जास्त जागा मिळते.

म्हणूनच प्रत्येक वाक्यातून दोन-दोन शब्द काढण्याचा मार्ग चुकीचा आहे. त्याने बोलण्याची लय जाते, सगळी पात्रे एकाच घाईत बोलू लागतात आणि वेळ फारसा वाचत नाही. समजा, नाटक दोन भावांच्या जमिनीच्या वाटणीचे आहे आणि त्यात तलाठ्याचा पाच मिनिटांचा प्रवेश आहे. सातबाऱ्यावर धाकट्याचे नावच नाही, एवढीच नवी माहिती त्यातून कळते. अशा वेळी निर्माता पत्रात लिहितो: ‘तलाठ्याचा प्रवेश गाळावा. सातबाऱ्याची गोष्ट आईच्या तोंडी एका वाक्यात यावी. शेवटचा बांधावरचा प्रवेश मात्र जसाच्या तसा ठेवावा.’

प्रवेश गाळल्यावर खरा धोका कानाला जाणवतो. रेडिओवर चेहरा दिसत नाही; पात्राची ओळख आवाजाने आणि कोणीतरी घेतलेल्या नावाने होते. मोठ्या भावाला ‘दादा’ म्हणून पहिली हाक त्या गाळलेल्या प्रवेशातच असेल, तर पुढे त्याचा आवाज कोणाचा, हे श्रोत्याला उमगत नाही. संहिता पाठ असलेल्या लेखकाला ही उणीव दिसणे कठीण, म्हणून सुधारित प्रत नाटक ठाऊक नसलेल्या माणसाला वाचून दाखवावी. ‘हा कोण?’ असे त्याने जिथे विचारले, तिथे ती हाक आधीच्या प्रवेशात आणावी.

शेवटी घड्याळ लावून, विरामांसह मोठ्याने वाचन करावे. मनातल्या मनात वाचले, तर संहिता नेहमीच लहान वाटते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी नट विराम थोडे लांबवतात, त्यामुळे अर्धे मिनिट मोकळे राहिलेले बरे. तरीही वेळ जुळली नाही, तर पुढची काटछाट लेखकाला विचारूनच केली जाईल, हे निर्मात्याने पहिल्या पत्रातच लिहून ठेवावे. नाहीतर ती घाईघाईने, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, लेखकाच्या गैरहजेरीत होते.