शार्त्रचं कॅथेड्रल: पैसा आला कुठून?

जून ११९४ मध्ये फ्रान्समधल्या शार्त्रचं कॅथेड्रल आगीत बरंचसं जळालं. मेरीमातेचं मानलं जाणारं वस्त्र मात्र तीन दिवसांनी तळघरातून सुखरूप बाहेर आलं. यात्रेकरू त्याच्याच दर्शनाला येत, दान टाकत. वस्त्र वाचलं म्हणून उत्पन्नही वाचलं! बिशप आणि त्याच्या धर्मगुरूंनी तीन वर्षं आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा बांधकामाला दिला. पुढे पैसा आटला, तेव्हा भिस्त पुन्हा भाविकांवरच. मग त्यांना ओढणारी आणखी एक पवित्र वस्तू मिळाली: कॉन्स्टँटिनोपलहून संत ॲनचं मस्तक दानात आलं.

मला सगळ्यात आवडतात त्या रंगीत काचेच्या खिडक्या. शार्लमेनच्या खिडकीत तळाशी फरचा व्यापारी गिऱ्हाईकाला झगा दाखवतोय. अशी चित्रं म्हणजे कारागीर संघांच्या देणगीची खूण, असं सर्रास सांगतात. काही अभ्यासकांना मात्र तेवढा पुरावा पटत नाही.