सरासरीच्या तक्त्यात दडलेला पाऊस

दिवाळीच्या सुटीत दक्षिणेकडे जाण्याचा बेत महाराष्ट्रातली अनेक घरं आखतात. चेन्नई, महाबलीपुरम, पुदुच्चेरी, तंजावर असा हा मार्ग असतो. आपल्याकडचा पाऊस तोवर परतलेला असतो, त्यामुळे तिकडेही आकाश मोकळं असेल असं सहज गृहीत धरलं जातं. शंका आलीच तर कुणीतरी मोबाइलवर चेन्नईचं नोव्हेंबरचं तापमान बघतं. कमाल २९-३० अंश, म्हणजे जवळजवळ पुण्याइतकंच! मग काय, तिकिटं निघतात.

पण तक्त्यातली पहिलीच ओळ बघून थांबलो तर तो तक्ता फसवतो. भारतीय हवामान विभाग प्रत्येक वेधशाळेसाठी तीस वर्षांच्या नोंदींवरून महिनावार सरासरी काढतो. तापमान आणि पाऊस यांच्या जोडीला त्या तक्त्यात आणखी पुष्कळ रकाने असतात. महिना कसा जाणवेल हे ठरवायचं तर ते रकाने एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात. चेन्नईचा नोव्हेंबर घेऊन हे करून बघू.

आधी किमान तापमान. पुण्यात नोव्हेंबरची पहाट साधारण १५ अंशांची असते, चेन्नईत ती २२-२३ अंशांची. दुपार दोन्हीकडे सारखी, पण पुण्यात दिवस-रात्रीतला फरक १५ अंशांचा आणि चेन्नईत जेमतेम सातचा. कमाल आणि किमान एवढे जवळ असले, की हवेत बाष्प भरपूर आहे आणि आकाश बऱ्याचदा झाकलेलं आहे असं समजावं. ढग आणि बाष्प दुपारचं ऊन अडवतात आणि रात्रीची उष्णताही वर निसटू देत नाहीत. पावसाचा रकाना बघण्यापूर्वीच एवढं कळतं.

आता तो रकाना बघू. चेन्नईला नोव्हेंबरात सरासरी सुमारे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो. वर्षभरातला हा सर्वांत ओला महिना. नैर्ऋत्य मोसमी वारे माघारी गेले, की साधारण २० ऑक्टोबरच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. बंगालच्या उपसागरावरून येणारे वारे आणि त्यात तयार होणारे कमी दाबाचे पट्टे तमिळनाडूच्या किनाऱ्याला भिजवतात. आपल्याकडे संपलेला पाऊस तिथे तेव्हा नुकता भरात येत असतो.

नुसत्या ४०० या आकड्यावरून मात्र चित्र डोळ्यांपुढे येत नाही. त्यासाठी शेजारचा पर्जन्यदिनांचा रकाना बघावा. आपल्या हवामान विभागाच्या हिशेबात २४ तासांत किमान अडीच मिलिमीटर पाऊस झाला तरच तो पर्जन्यदिन. चेन्नईच्या नोव्हेंबरात असे साधारण १२ दिवस असतात. ४०० ला १२ ने भागलं, की दर पावसाळी दिवसाला सुमारे ३३ मिलिमीटर येतात. लंडनमध्येही नोव्हेंबरात पावसाचे दिवस अकराच्या आसपासच असतात, पण महिन्याचा पाऊस चेन्नईच्या सहाव्या हिश्श्याइतका. तिथे पाच-सहा मिलिमीटरची रिपरिप दिवसभर चालते, छत्री घेऊन माणसं फिरत राहतात. चेन्नईत दोन-तीन तासांत रस्त्यावर पाणी साचवणारी सर येते, आणि दुसऱ्या दिवशी कडक ऊनही पडू शकतं. दिवस मोजले तर दोन शहरं सारखी, अनुभव अगदी वेगळा.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ब्रिटनमध्ये एक मिलिमीटरचा दिवसही पावसाचा धरतात, आणि काही प्रवासी संकेतस्थळं तर त्याहून कमी पावसाचा दिवसही मोजतात. दोन ठिकाणांची तुलना करताना तळटीप वाचल्याशिवाय दिवसांच्या आकड्यांवर विसंबू नये.

यानंतरचा रकाना बहुतेक प्रवाशांच्या नजरेतून सुटतो, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. सर्वांत ओला महिना आणि सर्वांत कोरडा महिना, त्यांच्या वर्षांसह, हा तो रकाना. २०१५ च्या नोव्हेंबरात चेन्नईच्या नुंगमबाक्कम वेधशाळेत हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि शहर पाण्याखाली गेलं. पुढच्याच वर्षी ईशान्य मोसमी पावसाने दगा दिला. तमिळनाडूत तो नेहमीच्या निम्म्याहूनही कमी पडला. तीस वर्षांच्या सरासरीत २०१५ सारखं एक वर्ष आलं तर त्या एकट्यामुळे सरासरी वीसेक मिलिमीटरने वर जाते. म्हणजे नेमके ४०० मिलिमीटर बरसणारा नोव्हेंबर क्वचितच येतो. बरीच वर्षं त्याहून कोरडी जातात आणि थोडी वर्षं कहर करतात. मुंबईच्या जुलैचं तसं नाही. तिथे वीसहून जास्त दिवस पाऊस असतोच, त्यामुळे मुंबईला जुलैत कुणी आलं तर ते भिजणार हे जवळपास नक्की. चेन्नईचा नोव्हेंबर बंगालच्या उपसागरात त्या वर्षी काय शिजतंय यावर अवलंबून असतो.

उरला दमटपणा. यासाठी लोक सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी बघतात आणि घोटाळा तिथेच होतो. थंड हवेत बाष्प मुळातच कमी मावतं. समजा, नाशिकला जानेवारीत पहाटे १० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता आहे. आकडा मोठा, पण त्या हवेत ओठ फुटतात. चेन्नईत ३० अंशांना ६५ टक्के आर्द्रता असली तरी सदरा अंगाला चिकटतो. हा फरक बाष्पदाबाच्या रकान्यात सरळ दिसतो. तो हेक्टोपास्कलमध्ये दिलेला असतो. वरच्या नाशिकच्या उदाहरणात तो दहाच्या आसपास येतो, चेन्नईच्या उदाहरणात सत्तावीसच्या पुढे. माझा ठोकताळा असा: पंधराच्या खाली हवा कोरडी, वीसपर्यंत सुखाची, पंचविसाच्या पुढे घाम वाळत नाही. बाष्पदाब दिलेला नसेल तर दवबिंदू बघावा. तो २२ अंशांच्या वर असला की चिकचिक ठरलेली.

शेवटची गोष्ट महिन्यांच्या सीमांची. पाऊस कॅलेंडर बघून येत नाही. मुंबईत मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्यामुळे जूनच्या सरासरीतला बहुतेक पाऊस महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतला असतो आणि पहिला आठवडा सहसा मे महिन्यासारखा तापतो. चेन्नईत डिसेंबरचं असंच, फक्त उलट. पहिला पंधरवडा अजून धोक्याचा असतो. २०२३ मध्ये ‘मिचौंग’ चक्रीवादळाने शहर बुडवलं ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच. महिन्याच्या अखेरीस पाऊस ओसरू लागतो. म्हणून शेजारच्या दोन्ही महिन्यांचे आकडे बघावेत. आधीचा महिना ओला आणि नंतरचा कोरडा असेल तर आपली सहल महिन्याच्या उत्तरार्धात ढकलावी.

जानेवारीची ओळ वाचली, की निवाडा करता येतो. चेन्नईत कमाल तापमान तेव्हाही २९ अंशच असतं, किमान सुमारे २१. पाऊस मात्र वीसेक मिलिमीटरवर आलेला असतो आणि पर्जन्यदिन एखाद-दुसरा. उकाड्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो देवळाच्या प्रांगणात कोरड्या दगडावर चालता येण्यात, आणि गाडी रद्द होण्याची धास्ती नसण्यात. दिवाळीचीच सुटी हाताशी असेल तर किनारा टाळून दुसरीकडे जावं. तमिळनाडूचा किनारा आणि तंजावरचा मुलूख बघायचा तर पोंगलची गर्दी ओसरल्यावर, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कधीही निघावं.