थंडीत वाढणारा दाब

काँक्रीटचा पूल उन्हाळ्यात लांबतो आणि थंडीत आखडतो. त्यासाठी पुलाच्या टोकाला एक्सपान्शन जॉइंट आणि डेकखाली बेअरिंग ठेवण्याची जुनी पद्धत. ब्रिटनमध्ये हा जॉइंटच दुखणे होऊन बसला. बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर टाकलेले मीठ पाण्याबरोबर त्यातून झिरपायचे आणि आतल्या सळया गंजायच्या. १९८९ साली २०० काँक्रीट पुलांच्या पाहणीचा अहवाल आला, त्यात ही गळती ठळक दिसली. पुढे तिथे ६० मीटरपर्यंतचे, फार तिरके नसलेले पूल शक्यतो जॉइंटशिवाय बांधायचे ठरले. डेक आणि टोकाची भिंत, म्हणजे अबटमेंट, यांचा सांधाच एकसंध ओतायचा. हाच इंटिग्रल पूल.

पण जॉइंट गेला तरी हालचाल उरतेच. ती भिंतीमागच्या भरावावर येते. ६० मीटरच्या डेकचे तापमान वर्षभरात ४५ अंशांच्या पल्ल्यात फिरले, तर त्याची लांबी सुमारे ३२ मिलिमीटरने बदलते. म्हणजे प्रत्येक भिंतीचा माथा १६ मिलिमीटर पुढे-मागे होतो. आकडा किरकोळ वाटेल, पण पुलाचे आयुष्य १२० वर्षांचे धरलेले असते.

उन्हाळ्यात भिंत भरावातल्या वाळूला रेटते, त्यामुळे दाब वाढतो हे सहज पटते. खरी मेख मात्र थंडीत आहे. डेक आखडून भिंत भरावापासून दूर ओढली गेली की भिंतीलगतचे कण खाली घसरून मोकळी झालेली जागा भरतात. पुढच्या उन्हाळ्यात भिंत परतते, तेव्हा ती जागा आधीच अडलेली असते. डबा आपटत धान्य भरावे तसे कण दर वर्षी अधिक घट्ट बसतात. भिंतीवरचा आडवा दाब चढत जातो आणि वरची जमीन खचते. सुरुवातीला हा दाब उभ्या दाबाच्या साधारण ०.४ पट असतो. तो उभ्या दाबाइतका, किंवा त्याहूनही अधिक होऊ शकतो. भराव आधीच भरपूर ठोकून घट्ट केला तरी यातून सुटका नाही.

साउथॅम्प्टनच्या प्रयोगशाळेतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. तिथे भरड वाळूत दाब चढत गेला, पण जवळजवळ गोल काचेच्या मण्यांत चढला नाही. अनियमित आकाराचे कण हालचालीबरोबर वळून एकमेकांत अडकतात, गोल मण्यांना तसे अडकता येत नाही. चिकणमातीतही दाब फारसा साठला नाही. म्हणजे दोष नुसत्या हालचालीचा नाही, कणांच्या घडणीचाही आहे.

पुलाच्या तोंडाशी गाडीला बसणारा हादरा ही जमीन खचल्याची पहिली खूण. त्यावर अॅप्रोच स्लॅब टाकतात. त्याने खड्डा झाकला जातो, खचणे थांबत नाही. स्लॅबखाली पोकळी होते आणि रस्त्याला भेग स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला पडते. भिंतीमागे दबणाऱ्या फोमचा थर दिला तर दाब चढत नाही, पण तो थर १२० वर्षे तसाच दबत-फुलत राहिला पाहिजे. म्हणून अशा पुलाच्या तपासणीत जॉइंट नाही म्हणून टोके वगळू नयेत. स्लॅबचे दूरचे टोक आणि त्याखालची पोकळी आधी पाहावी.